मुलीच्या शिक्षणासाठी सुकन्या, पीपीएफ की एनएससी? कागद-पेन घेऊन तुलना कशी करायची

आमच्या कॉलनीत पोस्टाचे फॉर्म भरून द्यायचं काम आपोआप माझ्याकडं आलंय, त्यामुळं दर मार्चला तीच चूक परत परत बघते. लोक येतात, मोबाईलवर व्याजदराची यादी दाखवतात आणि म्हणतात ताई, यात ८.२ सगळ्यात जास्त आहे तेच उघडूया. आणि मग पोरगी बारावीला गेली की कळतं की पैसे आहेत पण अर्धेच निघतात. दर खोटा नसतो, पण तुलना चुकीच्या टोकापासून सुरू झालेली असते. आधी तारीख, मग कुलूप, मग दर, मग टॅक्स, हा क्रम पाळला की उत्तर बऱ्याचदा वेगळंच येतं.

सगळ्या योजना एका लेखात कोंबत नाही. एकच गरज घेते, मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण, आणि एकच घर घेते. नवरा शिरोली एमआयडीसीत कामाला, वर्षाचं उत्पन्न साडेसात लाखाच्या आसपास, गावाकडं कागल भागात उसाचा वाटा, बिलातून वर्षाला ६०,००० मुलीसाठी बाजूला निघतात. मुलगी ६ वर्षांची. १८ व्या वर्षी ॲडमिशनला साधारण १० लाख हाताशी पाहिजेत. आकडे तुमचे घाला, पायऱ्या त्याच राहतील.

## पायरी १ : दर बघायच्या आधी चार गोष्टी लिहून काढा

वहीत एक पान घ्या. पहिल्या ओळीत पैसे लागायचा महिना आणि वर्ष लिहा. "शिक्षणासाठी" असं नुसतं लिहू नका, "जून-जुलै, मुलगी १८ पूर्ण" असं लिहा. दुसऱ्या ओळीत त्या दिवशी किती रक्कम हातात पाहिजे ते. हे महत्त्वाचं आहे, कारण खात्यातली शिल्लक आणि हातात येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथंच होतो.

तिसऱ्या ओळीत, घरात टॅक्स कोण भरतं आणि जुन्या पद्धतीनं की नवीन. माहीत नसेल तर गेल्या वर्षीचा रिटर्न काढा किंवा कंपनीतल्या अकाउंटवाल्याला विचारा, अंदाज करू नका. चौथ्या ओळीत पैसे वर्षातून कधी येतात ते. पगारातून महिन्याला निघतात, का ऊसबिलासारखे एकदम येतात.

तपासा : चारही ओळींत आकडा किंवा तारीख आहे का? "बघू नंतर" असं एखाद्या ओळीत असेल तर पुढची पायरी करून उपयोग नाही.

## पायरी २ : कुलूप किती वर्षांचं आणि मधे किती उघडतं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण इथंच लोक दोन शब्द ऐकतात आणि पुढं जातात. सुकन्या २१ वर्षं, पीपीएफ १५ वर्षं, एनएससी ५ वर्षं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण ही वर्षं कुठून मोजायची आणि मधे किती पैसे निघतात हे फारसं कुणी विचारत नाही.

सुकन्या समृद्धी. २१ वर्षं खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजतात, मुलगी २१ ची झाल्यावर नाही. आपली मुलगी ६ वर्षांची, म्हणजे खातं मॅच्युअर होणार ती २७ ची झाल्यावर. पैसे भरायचे मात्र पहिली १५ वर्षंच, पुढची सहा वर्षं नुसतं व्याज चढत राहतं. मधे शिक्षणासाठी काढता येतात, मुलगी १८ ची झाली किंवा दहावी पास झाली, जे आधी होईल तेव्हापासून. पण मागच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस जी शिल्लक असेल तिच्या जास्तीत जास्त ५० टक्के, आणि तेही ॲडमिशनची कागदपत्रं आणि फीची पावती दाखवून, जेवढी फी तेवढेच. १८ नंतर लग्न ठरलं तर खातं पूर्ण बंद करता येतं, लग्नाच्या एक महिना आधीपासून ते लग्नानंतर तीन महिन्यांपर्यंत.

आता आपलं घर. वर्षाला ६०,००० प्रमाणे १२ वर्षं भरले, दर ८.२ च राहिला असं धरलं, तर १८ व्या वर्षी खात्यात साधारण १२.४७ लाख दिसतील. पासबुक बघून घरात आनंद होणार, दहा लाखांचं काम झालं म्हणून. पण हातात येणार ६.२३ लाख. बाकीचे निम्मे ती २७ ची होईपर्यंत किंवा लग्नापर्यंत आत.

पीपीएफ. इथं १५ वर्षं मोजतात ती खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून. २८ मार्च २०११ ला उघडलेलं खातं ३१ मार्च २०२६ ला पूर्ण होतं, आणि ३ एप्रिल २०११ ला उघडलेलं ३१ मार्च २०२७ ला. सहा दिवसांचा उशीर आणि वर्षभर जास्त थांबा. म्हणून पीपीएफ उघडायचं ठरलं असेल तर मार्च संपायच्या आत ५०० रुपये भरून उघडून टाका, बाकीचे सावकाश.

मधे पैसे काढायची सोय पीपीएफमधे आहे, सातव्या आर्थिक वर्षापासून, पण हिशोब सुकन्यापेक्षा कडक आहे. चार वर्षांपूर्वीची शिल्लक किंवा मागच्या वर्षाची शिल्लक, यातली जी कमी असेल तिच्या ५० टक्के. आपल्या घराचे पीपीएफमधे ७.१ दरानं बारा वर्षांत ११.५६ लाख होतात, पण तेराव्या वर्षी काढायला गेलं तर नवव्या वर्षाअखेरची शिल्लक धरणार, ती ७.७३ लाख, म्हणजे हातात ३.८६ लाख. सुकन्यापेक्षाही कमी!

पण थांबा, पीपीएफला एक दुसरं दार आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. खातं उघडलेल्या वर्षानंतर पाच वर्षं पूर्ण झाली की स्वतःच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी अख्खं खातं मुदतीआधी बंद करता येतं, ॲडमिशन आणि फीचे कागद देऊन. किंमत एवढीच की सुरुवातीपासून मिळालेलं व्याज एक टक्का कमी दरानं परत मोजतात. म्हणजे आपल्या घराला ७.१ ऐवजी ६.१ टक्के, आणि हातात येणार साधारण १०.८० लाख, सगळेच्या सगळे. पाऊण लाखाच्या आसपास सोडावे लागले, पण दहा लाखांची गरज एका ठिकाणाहून भागली. दराच्या यादीत तळाला दिसणारी योजना तारखेच्या कसोटीवर वर आली ती अशी.

एनएससी. पाच वर्षं, घेतलेल्या तारखेपासून. मधे निघत नाही, धारकाचा मृत्यू किंवा कोर्टाचा आदेश असल्या कारणांशिवाय. पाच वर्षांनी मात्र पूर्ण पैसे हातात, कुणाला फीची पावती दाखवायला नको.

सावध : एनएससी घेताना पाच वर्षांनंतरचा महिना बघा. ॲडमिशन जुलैत आणि सर्टिफिकेट ऑगस्टमधे पिकणार, असं झालं तर एका महिन्यासाठी उसने पैसे शोधत फिरावं लागतं.

## पायरी ३ : दर बघा, पण तो गोठलेला आहे का हलता ते आधी

आता दर. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीत सुकन्या ८.२, एनएससी ७.७, किसान विकास पत्र ७.५ आणि पीपीएफ ७.१ टक्के होते. सरकार दर तीन महिन्यांनी हे दर जाहीर करतं, त्यामुळं पैसे भरायच्या दिवशीचा दर पोस्टात किंवा बँकेत विचारूनच घ्या.

एनएससी आणि किसान विकास पत्राचा दर घेतलेल्या दिवशीच गोठतो. पुढं सरकारनं कमी केला तरी तुमच्या सर्टिफिकेटला धक्का नाही. सुकन्या आणि पीपीएफचा तसा नाही, तो तिमाहीला बदलू शकतो आणि बदलला की तुमच्या आधीच्या सगळ्या शिल्लकेलाही नवीन दर लागतो. सुकन्याचा दर २०१५-१६ मधे ९.२ होता, एप्रिल २०२० पासून तीन वर्षं ७.६ होता, मग ८ आणि जानेवारी २०२४ पासून ८.२. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ वरच थांबलाय. म्हणून "मला कायम ८.२ मिळणार" असं समजून पंधरा वर्षांचं गणित मांडू नका.

मी दोन गणितं मांडते, एक आजच्या दरानं आणि एक कमी दरानं. सुकन्यात ७.५ धरलं तर बारा वर्षांनी १२.४७ ऐवजी ११.८८ लाख होतात, हातात ५.९४ लाख. म्हणजे दर पाऊण टक्का पडला तर हातात येणाऱ्या रकमेत तीस हजारांचा फरक, आणि कुलूप न बघितल्यामुळं पडलेला फरक सहा लाखांचा. यावरनं कशाकडं आधी बघायचं ते कळतंय.

किसान विकास पत्राबद्दल एक शब्द, कारण "पैसे डबल" म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच तयार होतात. डबल व्हायला ११५ महिने लागतात, नऊ वर्षं सात महिने, आणि ते ७.५ टक्क्यांचंच दुसरं नाव आहे. व्याजावर टॅक्स लागतो आणि गुंतवणुकीवर ८०सी ची सूटही नाही. त्याच वेळेला एनएससीचा दर जास्त असेल तर मुलीच्या शिक्षणासाठी ते घ्यायचं कारण मला दिसत नाही.

## पायरी ४ : टॅक्स कापून राहणारा दर काढा

इथं दोन वेगळे टॅक्स-फायदे आहेत आणि लोक ते एकत्र करून टाकतात. एक, पैसे भरताना मिळणारी ८०सी ची सूट. दोन, मिळालेल्या व्याजावर टॅक्स लागतो का नाही.

भरतानाची सूट फक्त जुन्या पद्धतीत मिळते, आणि ती सुकन्या, पीपीएफ, एनएससी तिन्हीला सारखीच आहे, सगळ्यांची मिळून दीड लाखाची मर्यादा. म्हणजे या तिघांत निवड करताना ती सूट दोन्ही पारड्यात सारखीच पडते, तिच्यासाठी वेगळा गुण द्यायचा नाही. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीनं. सुकन्या आणि पीपीएफचं व्याज पूर्ण टॅक्स-फ्री आहे, नवीन पद्धत घेतली असली तरी. एनएससीचं व्याज उत्पन्नात धरलं जातं.

म्हणून एनएससीचा दर असा मोजा. तुमचा वरचा स्लॅब २० टक्के असेल तर सेस धरून २०.८ टक्के जातात, ७.७ चे राहतात ६.१. स्लॅब ५ टक्के असेल तर राहतात ७.३. आणि टॅक्स शून्य असेल तर पूर्ण ७.७, म्हणजे पीपीएफपेक्षा जास्त. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळं टॅक्स शून्य येतो, त्यामुळं आपल्या साडेसात लाखवाल्या घराला एनएससी पूर्ण दरानं मिळते. "पीपीएफ टॅक्स-फ्री म्हणून चांगलं" हे वाक्य ज्याला टॅक्सच नाही त्याच्या घरात लागू होत नाही, आणि हे मी दर वर्षी किमान दहा जणांना समजावून सांगते.

आता बारीक गोष्ट. ३०,००० ची एनएससी पाच वर्षांनी ४३,४७० होते. व्याज १३,४७०, पण ते वर्षावर्षाला चढतं, पहिल्या वर्षी २,३१०, दुसऱ्या वर्षी २,४८८, असं करत पाचव्या वर्षी ३,१०८. पोस्ट टीडीएस कापत नाही म्हणून लोकांना वाटतं टॅक्स नाही, तसं नाहीये, रिटर्नमधे दाखवायचं असतं. दर वर्षी चढलेलं व्याज त्या त्या वर्षी दाखवत गेलात तर ओझं पडत नाही. पाच वर्षांचं सगळं एकदम शेवटच्या वर्षी दाखवलं आणि त्या वर्षी उत्पन्न १२ लाखांच्या उंबरठ्यावर असेल, तर पार होऊन टॅक्स बसू शकतो. जुन्या पद्धतीत असाल तर पहिल्या चार वर्षांचं व्याज परत गुंतवलं असं धरून त्यावर ८०सी सुद्धा मिळते, पाचव्या वर्षाच्या व्याजावर नाही. एक पद्धत ठरवली की तीच चालू ठेवा.

सावध : स्वतःचे पैसे बायकोच्या किंवा लहान मुलीच्या नावावर एनएससीत टाकले म्हणून व्याज त्यांच्या उत्पन्नात जात नाही. ते परत तुमच्याच उत्पन्नात मिळवतात.

## पायरी ५ : आता आपल्या घराचं एकत्र मांडूया

वर्षाला ६०,०००, बारा वर्षं, टॅक्स शून्य, १८ व्या वर्षी दहा लाख पाहिजेत.

सगळं सुकन्यात : शिल्लक १२.४७ लाख, हातात ६.२३ लाख.

सगळं वडिलांच्या पीपीएफमधे आणि शिक्षणासाठी खातं बंद : हातात १०.८० लाख, मागं काही राहत नाही.

निम्मं सुकन्यात, निम्मं एनएससीत : सुकन्यातून ३.१२ लाख हातात आणि तेवढेच आत राहून वाढणार. एनएससीच्या बाजूला वर्षाला ३०,००० ची सर्टिफिकेटं, पाच वर्षांनी पिकली की परत नवीन, असं करत सहा लाखांच्या थोडं खाली. मिळून हातात नऊ लाखांच्या आसपास.

सुकन्यात २०,००० आणि एनएससीत ४०,००० असं केलं तर हातात दहाच्या आसपास येतात आणि दोन लाख सुकन्यात पुढं चालू राहतात, एमबीए म्हणा, एमटेक म्हणा, तेव्हा कामाला. या घराला मी हेच सांगितलं. नवरा २० टक्क्यांच्या स्लॅबमधे असता तर एनएससी ६.१ वर आली असती, पीपीएफ मुदतीआधी बंद केल्यावर मिळतं तेवढंच, मग पाच-पाच वर्षांनी सर्टिफिकेटं बदलत बसण्यापेक्षा सुकन्या आणि पीपीएफ अशी जोडी सोपी पडली असती.

एनएससीची साखळी करताना शेवटचा भाग विसरू नका. मुलगी १३ ची असताना घेतलेली एनएससी १८ व्या वर्षी पिकते. १४ व्या वर्षापासून पुढं एनएससी घेतली तर ती ॲडमिशन झाल्यावर पिकणार. त्या शेवटच्या वर्षांचे पैसे पोस्टाच्या तीन, दोन, एक वर्षाच्या मुदत ठेवीत घाला, दर थोडा कमी आहे, पण पैसे वेळेवर येतात. १६ व्या वर्षी पिकलेल्या सर्टिफिकेटचंही तसंच, परत एनएससीत नको, दोन वर्षांच्या ठेवीत.

तपासा : प्रत्येक सर्टिफिकेट आणि खात्यापुढं "हातात यायचा महिना" लिहिलाय का, आणि तो पायरी १ मधल्या महिन्याच्या आधीचा आहे का?

## पायरी ६ : खातं उघडताना आणि पैसे भरताना

मुलीचा महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तिचं आधार असेल तर ते, पालकाचं आधार, पॅन आणि फोटो. खिडकीवर जायच्या आधी घरीच सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवा. आपल्याकडं आईच्या पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं आणि जन्मदाखल्यावर नुसतंच पहिलं नाव, असं सर्रास असतं, आणि फॉर्म तिथंच परत येतो. आधी दुरुस्ती, मग खातं.

सुकन्या मुलगी १० ची व्हायच्या आत उघडायचं, आई-वडील किंवा कायदेशीर पालकानंच. आजोबांनी नातीच्या प्रेमानं स्वतः पालक म्हणून खातं उघडलं असेल तर ते नियमात बसत नाही, आई किंवा वडिलांच्या नावावर पालकत्व बदलून घ्या. पैसे आजोबांनी दिले तर काहीच हरकत नाही.

आता पाच तारखेची गोष्ट. सुकन्या आणि पीपीएफ दोन्हीत त्या महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर धरतात. मी एकदा ४ तारखेला ६०,००० चा चेक दिला आणि निश्चिंत झाले, पासबुक भरून आणलं तर जमा तारीख ७. त्या महिन्याचे ४१० रुपये गेले. तेव्हापासून चेक द्यायचा असेल तर आधीच्या महिन्याच्या २५ तारखेच्या आतच देते.

"५ एप्रिलच्या आत भरा" हा सल्ला सगळीकडं ऐकायला मिळतो, तो बरोबर आहे पण ज्याच्याकडं पैसे तयार आहेत त्याच्यासाठी. ऊसबिल २० फेब्रुवारीला आलं असेल तर एप्रिलची वाट बघू नका, ५ मार्चच्या आत भरा, मार्चचं व्याज मिळेल. ३१ मार्चला भरले काय आणि ३ एप्रिलला भरले काय, व्याज एप्रिलपासूनच सुरू होणार, फक्त रक्कम कुठल्या वर्षाच्या दीड लाखात धरायची ते बदलतं. बिल लांबलं आणि वर्ष कोरडं जायची वेळ आली तर सुकन्यात किमान २५० आणि पीपीएफमधे ५०० मार्चच्या आत भरून ठेवा, नाहीतर खातं बंद पडल्यात जमा होतं आणि मागाहून दर वर्षाला ५० रुपये दंड भरून चालू करावं लागतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पासबुक भरून आणा आणि तीन गोष्टींवर बोट ठेवून बघा : प्रत्येक भरण्याची जमा तारीख, ३१ मार्चला पडलेलं व्याज, आणि वारसाचं नाव नोंदलंय का. व्याज कमी वाटलं तर महिन्यामहिन्याची ५ तारखेची शिल्लक मांडून बाराव्या हिश्श्यानं मोजा, आणि तरीही जुळलं नाही तर तोच कागद घेऊन खिडकीवर जा, तोंडी भांडण्यापेक्षा मांडलेला हिशोब बघून दुरुस्ती लवकर होते.